एकतीस तारखेपर्यंतचा सिनेमा

आमच्या सोसायटीत कोजागरी पंचांग बघून ठरत नाही, प्रमुख पाहुण्यांची सवड बघून ठरते. जुळे सोलापुरातल्या बऱ्याच सोसायट्यांत असंच चालतं, त्यामुळे याचं कुणाला नवल वाटत नाही. पौर्णिमा येते आणि जाते. मग पुढे कधीतरी मैदानात मंडप पडतो, पातेल्यात दूध आटतं, आणि आकाशात चंद्राचा पत्ता नसला तरी अध्यक्ष माईकवरून 'आजच्या या शीतल चांदण्यात' अशी सुरुवात करतात. गेल्या वर्षी याच अध्यक्षांना मी समजवायला गेले होते की चंद्र पुढे ढकलता येत असला, तरी सिनेमा येत नाही.

सिनेमा समोरच्या फ्लॅटमधल्या आप्पांचा होता. म्हणजे त्यांनी काढलेला नव्हे. आप्पा सांगोल्याकडचे, सगळा जन्म मेंढरांमागे गेला. गुडघे बोलायला लागल्यावर मुलानं मेंढरं विकायला लावली आणि त्यांना इथं दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ ते गॅलरीत उभे राहून खाली लावलेल्या स्कूटरींकडे बघत असतात. एखादी स्कूटर रांगेबाहेर असली की त्यांना चैन पडत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांची बायको गावीच वारली. मागे राहिला तो आधार कार्डावरचा फोटो. मुलानं तो मोठा करून चौकटीत बसवला आणि हॉलमध्ये लावला. मोठा केल्यामुळे चेहऱ्याचे ठिपके झाले आहेत, आणि त्या ठिपक्यांतून एक बाई अशी बघते की जणू तिला कुणी तरी नुकतंच दटावलं आहे. "ही आमची न्हवंच," असं आप्पा मला एकदा म्हणाले होते. "ती अशी गप बसणाऱ्यातली न्हवती, बाई."

तर फार पूर्वी त्यांच्या माळावर सिनेमावाले आले होते. नाव सांगत नाही. दिग्दर्शकाला दुष्काळ फार सुंदर दिसला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. त्यांना नायकाच्या मागून जाणारी मेंढरं हवी होती आणि मेंढरांमागे चालणारी एक बाई. मेंढरं आप्पांची, त्यामुळे बाईही त्यांचीच घेतली. सिनेमा शहरात थोडे दिवस चालला. आप्पा तेव्हा बायकोसह कळप घेऊन कुठे लांब चाऱ्याच्या शोधात होते. परत आले तोवर थिएटरात दुसरं काही लागलं होतं. दोघांनीही तो पाहिला नाही, आणि नंतर पाहायचा कुठे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या सुनेला तो सापडला. ती एका दवाखान्यात नोकरी करते; सुट्टीच्या दिवशी टीव्हीसमोर बसून कपड्यांच्या घड्या घालते. घड्या घालताना ऐकायला काहीतरी लागतं म्हणून तिनं मोबाईलच्या रिचार्जबरोबर मिळालेल्या स्ट्रीमिंग सेवेवर हा सिनेमा लावला, आणि मध्येच तिच्या हातातली चादर खाली पडली. पडद्यावर सासूबाई चालत होत्या. चालता चालता त्या वळल्या, कॅमेऱ्याच्या रोखानं काही बोलल्या, हात झाडला आणि पुढे गेल्या. सगळं मिळून दोन-चार श्वासांचं काम.

आप्पा त्या वेळी देवळात गेलेले होते. ते आले की लगेच दाखवायचं, एवढं साधं तिच्या मनात होतं. पण तिचा नवरा सोसायटीचा सचिव. त्यानं आनंदाच्या भरात अध्यक्षांना फोन केला, आणि तिथून ही गोष्ट घरातली राहिली नाही.

अध्यक्ष कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आहेत. दारावरच्या पाटीवर हुद्दा ठळक आहे आणि त्याआधीचा 'माजी' हा शब्द इतका बारीक, की कुरिअरवाले अजून त्यांना सलाम करतात. त्यांनी त्याच संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये बैठक बोलावली. आमचं क्लब हाऊस म्हणजे पत्र्याची शेड. त्यात एक कॅरम बोर्ड आणि माजी अध्यक्षांच्या तसबिरी. मी कार्यक्रम समितीत आहे, कारण मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि त्यामुळे मला सूत्रसंचालन येतं अशी सगळ्यांची समजूत आहे.

"सरप्राइज ठेवायचं," अध्यक्ष म्हणाले. "आप्पांना एक अक्षर कळता कामा नये. कोजागरीला मंडपात प्रोजेक्टर लावायचा. आधी पाहुण्यांचं भाषण. मग दिवे घालवायचे. पडद्यावर वहिनी येणार... आणि त्याच क्षणी आप्पांच्या तोंडावर लाइट. एक कॅमेरा फक्त आप्पांवर. रिअ‍ॅक्शन जेन्युइन आली पाहिजे."

"म्हणजे रडले पाहिजेत," मी म्हटलं.

"रडणारच हो, मॅडम. भोळा माणूस आहे. मग पाहुणे शाल घालतील, डोळे पुसतील. क्लिप अशी फिरेल की बघत राहाल."

"डोळे कुणाचे पुसणार?"

"आप्पांचे!" ते जरा त्रासले. "तुम्ही ना, मॅडम, प्रत्येक गोष्टीत..."

मी प्रत्येक गोष्टीत नसते. पण एका म्हाताऱ्याला त्याची मेलेली बायको दाखवायची, तर ती कधी दाखवायची, हे रडण्याच्या छायाचित्रणासाठी कुठली वेळ बरी यावर ठरावं, हे मला पटणारं नव्हतं, आणि मी तसं तिथंच सांगितलं. शिवाय घरगुती वर्गणीवरचा सिनेमा मंडपात लोकांना दाखवणं त्या सेवेच्या नियमांत बसत नाही, हेही मी सांगून पाहिलं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "सोसायटी म्हणजे एक कुटुंबच नाही का?" याच कुटुंबानं त्या आठवड्यात टेरेसवर वाळत घातलेल्या पापडांवरून दोन घरांत पोलीस बोलावले होते.

सूनही नवऱ्याबरोबर बैठकीला आली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काकू, यांनी साहेबांना शब्द दिलाय. आता कोजागरी पाच दिवसांवर आली. पाच दिवस थांबू."

थांबलो असतो आम्ही. पण दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नवी सूचना लागली: प्रमुख पाहुण्यांना त्या दिवशी श्रीपूरकडे एका साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला जायचं असल्यामुळे आपली कोजागरी सात नोव्हेंबरला साजरी होईल, तरी सर्वांनी कुटुंबासह. मी वाचलं आणि हसून सोडून दिलं. त्याच संध्याकाळी सून मोबाईल घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, हे काय आहे हो? कालपर्यंत नव्हतं."

सिनेमाच्या चित्रावर खालच्या बाजूला एक लालसर पट्टी आली होती, इंग्रजीत: 'लीव्हिंग सून'. लवकरच जाणार. कुठे जाणार, कधी जाणार, काही नाही. एसटी स्टँडवरची घोषणासुद्धा याहून जास्त माहिती देते.

"म्हणजे आपलं रिचार्ज संपत आलंय का?" तिनं विचारलं.

"नाही गं. तू जाणार नाहीस, सिनेमा जाणार." मग मी तिला माझ्या धंद्यातलं उदाहरण दिलं. आमच्या ग्रंथालयात काही पुस्तकं आमची असत आणि काही दुसऱ्या मोठ्या ग्रंथालयाकडून मुदतीवर आणलेली. वाचकाचं कार्ड वर्षभर चालू असे. पण मुदतीवर आणलेलं पुस्तक मुदत संपली की परत पाठवावं लागे, मग कार्ड कितीही नवंकोरं असो. या सेवांचं तेच आहे. बहुतेक सिनेमे त्यांचे नसतात. निर्मात्याकडून काही काळासाठी दाखवायचा परवाना घेतात. तो संपत आला की ही पट्टी लागते. पुन्हा करार झाला तर पट्टी निघून जाते आणि सिनेमा राहतो. नाही झाला तर सिनेमा जातो.

"मग कधी जाणार ते कसं कळायचं?"

पट्टीवर तारीख नव्हती. टीव्हीवर शोधलं तर तिथं नुसती पट्टीच. मग मोबाईलवर त्या सिनेमाचं पान उघडलं, ट्रेलर आणि 'तुम्हाला हेही आवडेल' यांच्या गर्दीतून खाली उतरत तपशिलाच्या भागात गेलो. तिथं, कलाकारांच्या नावांच्या आसपास, बारीक अक्षरात एक ओळ होती: पाहण्याचा शेवटचा दिवस, एकतीस ऑक्टोबर. मदतीच्या पानावरही जाऊन आले. एकतीस म्हणजे त्या दिवशी पाहता येतो, दुसऱ्या दिवशी नाही. कुठला सिनेमा कोणत्या सेवेवर आहे हे सांगणारी संकेतस्थळं असतात, तीही पाहिली. हा दुसरीकडे कुठेच नव्हता, भाड्यानंसुद्धा नाही. अशा पडलेल्या सिनेमाचा करार पुन्हा कोण कशाला करील?

सुनेनं ती ओळ दोनदा वाचली. "आणि कोजागरी सातला," ती म्हणाली.

मी लगेच अध्यक्षांकडे गेले. ते झोपाळ्यावर बसून निमंत्रणपत्रिकेतल्या स्वतःच्या नावाचा टाइप वाढवून घेत होते. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, काढला, आणि माझ्याकडे बघून अशा प्रेमानं हसले की मला पुढचं सगळं कळलं.

"मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. चादरीच्या दुकानांवर बोर्ड असतो की नाही, 'सेलचा शेवटचा दिवस'? मी नोकरीला लागलो तेव्हापासून बघतोय एक बोर्ड. अजून तो शेवटचा दिवस उजाडतोय. ही गिऱ्हाईक ओढायची पद्धत असते."

"तो बोर्ड दुकानदाराच्या हातात असतो. हा परवाना निर्मात्याच्या हातात आहे."

"आमची वर्गणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरलेली आहे. वर्षभराची! मध्येच काढून घेतील? ग्राहक मंचात खेचीन."

कार्डाचं आणि पुस्तकाचं उदाहरण मी त्यांनाही दिलं. त्यांनी ते ऐकलं नाही, कारण तेवढ्यात त्यांना एक मोठा साक्षीदार सुचला होता. त्यांचा मुलगा परदेशात आहे. हा मुलगा आमच्या सोसायटीत कधी राहिला नाही, पण त्याचं मत घेतल्याशिवाय आमच्याकडे पाण्याची मोटरसुद्धा बदलत नाही. अध्यक्षांनी त्याला स्पीकरवर फोन लावला. मुलानं तिकडे शोधलं आणि सांगितलं, "बाबा, माझ्याकडे असलं काही लेबल नाही. व्यवस्थित दिसतोय सिनेमा."

"ऐकलंत?" अध्यक्ष म्हणाले. "आयटीमध्ये आहे तो."

"तो तिकडे आहे," मी म्हटलं. "परवाने देशागणिक वेगळे असतात. तिथं राहील, इथून जाईल. मंडप तिकडे घालणार आहात का?"

"मॅडम, तुम्ही सूत्रसंचालनाचं बघा." आणि मग, जणू मला बुडताना दोरी टाकावी तसं, "बरं, तुमच्या समाधानासाठी मी आत्ता डाउनलोड करून ठेवतो. माझ्या टॅबमध्ये. मग तर झालं? एकदा कपाटात आलं की कुणाचा बाप नेत नाही."

डाउनलोड म्हणजे आपल्या मालकीचं होणं नव्हे, तेही त्याच परवान्यावर चालतं, असं मी सांगायला गेले. त्यांनी टॅब खरोखरच कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेला. माझ्यासमोर.

घरी येऊन मी सुनेला स्पष्ट सांगितलं, की हे सरप्राइज-बिरप्राइज सोड आणि आप्पांना आजच दाखव. तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं, पण नवरा आडवा आला. तो वाईट माणूस नाही. फक्त त्याला कुणाचं मन मोडवत नाही, आणि मन मोडायचं झालंच तर तो जवळचं निवडतो. "काकू, साहेबांनी डाउनलोड केलंय की. आणि आप्पांना आधी दाखवलं तर कार्यक्रमाची मजाच गेली. साहेबांना काय वाटेल?"

"आणि आप्पांना काय वाटेल?"

"त्यांना कुठं माहितीय?"



खरी कोजागरी आली. चंद्र टाकीवर येऊन थांबला होता, खाली मैदानात कुणी नव्हतं. आप्पा गॅलरीत एकटे बसले होते. मला बघून म्हणाले, "बाई, आज पुनव न्हाय का? मग दूध कुटं हाय?"

"पाहुणे आल्यावर, आप्पा."

"चंद्रापेक्षा मोटं कोन पावनं हायत?" त्यांनी मनापासून विचारलं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सून पुन्हा आली. तिनंही घाबरून स्वतःच्या मोबाईलवर सिनेमा उतरवून ठेवला होता, आणि आता डाउनलोडच्या यादीत त्याच्याखाली 'मुदत संपत आहे' असं आलं होतं. तिनं नवऱ्याला दाखवलं. नवऱ्यानं अध्यक्षांना फोटो पाठवला. अध्यक्षांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते: 'मुदत संपत आहे' या वाक्याला त्या माणसानं अंगठा दाखवला.

एकतीस तारखेला आमच्याकडे नळाला पाणी यायचं होतं. पाण्याच्या दिवशी सोलापुरात कुणी कुणाकडे लक्ष देत नाही. सगळा जिना बादल्या, पाइप आणि हाकांनी भरलेला असतो. दुपारी सुनेनं दार वाजवलं. दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. मागे आप्पा, पायात चपला, डोक्याला मुंडासं, जणू गावाला निघाले आहेत.

"काकू, तुमच्या टीव्हीवर लावू या. आमच्याकडे आमचे हे येतील आत्ता, पाणी भरायला." तिनं दार आतून लावून घेतलं. "मी आप्पांना जिन्यात सगळं सांगितलंय. साहेबांचं पण सांगितलंय."

आप्पा खुर्चीच्या टोकावर बसले. "ही म्हनतीया, आमची म्हातारी टीव्हीत हाय. खरं व्हय, बाई?"

"खरं आहे, आप्पा."

"मग इतकं दिस का न्हाय दावली?"

सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी रिमोटकडे. पट्टी तशीच होती. सिनेमा सुरू झाला. तिला जागा पाठ होती. तिनं नेमका तिथं नेला. माळ, धूळ, नायकाचा चिंतातुर चेहरा. हा नायक सिनेमाभर असाच फिरतो. मग मागून मेंढरं आली.

"थांबवा, थांबवा!" आप्पा ओरडले. मी दचकले. ते पडद्याजवळ गेले होते. "ही काळ्या तोंडाची. लई द्वाड. आनि ह्यो एडका, ह्यो आमचा न्हाय. ह्यो शेजाऱ्याचा. कळपात घुसला आन् सिनेमात आला बघा, फुकट!"

"आप्पा, पुढे बघा," सून म्हणाली.

ती आली. ठिपक्यांची नव्हे, पुरी. लुगडं वर खोचलेलं, हातात काठी, चाल अशी की माळ तिच्या नावावर असावा. वळली, कॅमेऱ्याच्या रोखानं काही म्हणाली, हात झाडला. आवाज मात्र ऐकू आला नाही. दिग्दर्शकानं त्या जागी बासरी घातली होती. नंतर एक हळवा बायकी आवाज आला, 'पाऊस येईल का हो?' असं काहीसं विचारणारा. तो तिच्या ओठांशी जुळतसुद्धा नव्हता.

आप्पांनी डोळे बारीक केले. "पुन्ना लावा."

पुन्हा लावलं. मग ते हसायला लागले. गुडघ्यावर थापा मारत, खोकत.

"कसला पाऊस! ती मला बोलतीया! म्या तितंच हुबा हुतो, त्या कॅमेऱ्यावाल्याच्या मागं. म्हनली, 'तितं काय तोंड वासून हुबा ऱ्हायलाईस, कोकरं रस्त्याला गेली, ती काय ह्यो हीरो वळवनार हाय?' त्यावर सायब लोक म्हनलं, लई भारी झालं, लई नॅचरल! आन् हित्तं बघा काय घातलंय. पाऊस म्हनं! तिनं जल्मात पावसाचं कुनाला इचारलं न्हाय."

सुनेचे डोळे भरले होते, आप्पांचे नाहीत. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि आणखी. एकदा फक्त पायाकडे बघितलं. जोडवी दिसतात का ते बघायचं होतं. एकदा म्हणाले, आवाज बंद करा. आवाज बंद केल्यावर ते तिच्या ओठांबरोबर तिचं बोलणं स्वतः म्हणाले, तिच्या ठसक्यात. ते फार चांगलं जमलं. 

सुनेनं मोबाईलवर तो क्षण लावून स्क्रीनशॉट काढून पाहिला; नुसता काळा चौकोन आला. या सेवा तसं होऊ देत नाहीत. मग तिनं मोबाईलनं टीव्हीचाच फोटो काढला. त्यात सासूबाईंच्या तोंडावर माझी ट्यूबलाइट आली आणि अंगावर पट्टे. आप्पांनी तो बघितला आणि मोबाईल परत दिला. "ते नगं. ते त्या भिंतीवरच्यावानीच झालं. चांगली बगितली की. ऱ्हाऊ दे."

"उद्यापासून दिसणार नाही, आप्पा," मी सांगितलं. कुणीतरी सांगायला हवं होतं.

"का?"

"मुदतीवर आणलेला सिनेमा आहे. आज मुदत संपते."

त्यांनी यावर जराही कुरकुर केली नाही. चाऱ्याच्या माळाची मुदत त्यांना ठाऊक होती. "मग अजून येक बार लावा," एवढंच म्हणाले. जाताना चपला घालता घालता सुनेला म्हणाले, "सायबाला सांगू नगं. बिचारा लई खटपट करतुया."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोधून पाहिलं. नाव टाइप केल्यावर सिनेमा आला नाही. त्याऐवजी त्याच्यासारखे म्हणून दुसरे सहा आले, त्यातले दोन भुताचे होते. माझ्या जपून ठेवलेल्या यादीतूनही तो गेला होता. मी अध्यक्षांना तसा निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'टॅब कपाटात आहे. निश्चिंत राहा.'

सात तारखेला मंडप पडला. संध्याकाळी पाहुणे आले, उशिरा, आणि उशिराबद्दल बोलण्याऐवजी त्यांनी गेल्या महिन्यातल्या मोळीपूजनाची पूर्ण हकीकत सांगितली. अध्यक्षांनी शीतल चांदण्याचा उल्लेख केला. आप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, समोर एक दिवा आणि दिव्यामागे भाड्याचा कॅमेरावाला. मग अध्यक्षांनी स्वतः कपाटातून आणलेला टॅब प्रोजेक्टरला जोडला. दिवे गेले. पडद्यावर, दोन पुरुष उंचीच्या अक्षरांत, या डाउनलोडची मुदत संपली असल्याचं आणि हा सिनेमा आता उपलब्ध नसल्याचं वाक्य उमटलं.

अध्यक्षांनी ते दाबलं, पुन्हा दाबलं, टॅब बंद करून सुरू केला. मंडपात कुणीतरी खोकलं. मागून एक आवाज आला, "साहेब, रिचार्ज संपलं वाटतं!" हशा झाला. सचिवानं माझ्याकडे बघितलं. मी मंडपाचे बांबू बघत होते.

मला वाटलं, आता तरी थांबतील. हा माझा त्या माणसाबद्दलचा शेवटचा चांगला समज.

"तांत्रिक अडचण आहे," अध्यक्ष माईकवर म्हणाले, "पण भावना तांत्रिक नसतात! आप्पा, आपण डोळे मिटा. कल्पना करा. आपल्या सौभाग्यवती या पडद्यावर आहेत..." मग त्यांनी मृत बाईला सौभाग्यवती म्हणत तिचं वर्णन सुरू केलं. सोशिक, मूक, डोळ्यांत पाऊस शोधणारी. त्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. सिनेमाही पाहिलेला नव्हता. सोशिक शब्दाला आप्पांनी एक डोळा उघडला. कॅमेरावाला वाकून जवळ गेला. पाहुण्यांनी शाल घातली आणि रुमाल काढून आप्पांचा गाल पुसला, जिथं काही नव्हतं. एकदा चेहरा नीट आला नाही म्हणून कॅमेरावाल्यानं त्यांना पुन्हा पुसायला लावला.

"आप्पा, दोन शब्द बोला," अध्यक्षांनी माईक त्यांच्या तोंडाशी नेला. "काय वाटतंय?"

आप्पांनी मान वर केली. सुनेकडे बघितलं. मला क्षणभर वाटलं, आता तिचं ते बोलणं येणार, ठसक्यासकट, आणि सगळा मंडप ऐकणार. माझी तयारी होती. पण ते त्यांनी त्या लोकांना दिलं नाही.

"बरं वाटतंय," ते म्हणाले. "सगळ्यांस्नी दूध द्या. साय धरली."

टाळ्या पडल्या.

ती क्लिप दोन दिवसांत ग्रुपवर आली. खाली सनई, वर 'अमर प्रेम' असं लिहिलेलं, आणि आप्पांचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा इतक्या संथ गतीनं, की कुणालाही वाटावं हा माणूस हुंदका गिळतोय. हात जोडल्याची चित्रं रांगेनं खाली आली. मी ती क्लिप मोबाईलमधून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मैत्रिणीनं मला तीच पाठवली, 'तुमच्याकडची आहे का गं? किती हृदयस्पर्शी' म्हणून. 

आप्पांनी ती पाहिली. सुनेनं दाखवली नाही, अध्यक्षांनी स्वतः घरी येऊन दाखवली. आप्पांनी शेवटपर्यंत बघितली आणि विचारलं, "हितली म्हातारी कुटं हाय?"

"ती नाही यात, आप्पा. यात तुम्ही आहात."

"मला काय बगायचं?" आप्पा म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले.